स्टार पद्धतीने तयारी करूनही मुलाखतीत “पण यात तुम्ही स्वतः काय केलंत?” असं विचारतात: कारण आणि दुरुस्ती

तयारी नीट झालेली असते. सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट असे स्टारचे चार भाग पाडून पाच-सहा प्रसंग वहीत लिहिलेले असतात, दोनचारदा मोठ्याने म्हणूनही झालेले असतात. मुलाखतीत “कामातली एखादी अवघड अडचण तुम्ही कशी सोडवलीत ते सांगा” असं विचारतात. तुम्ही बोलायला लागता, समोरची व्यक्ती मान डोलावते, आणि तुमचं संपल्यावर, कधी संपायच्या आधीच, म्हणते, “ठीक आहे. पण यात तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत?” तुम्ही गडबडता, कारण तुमच्या मते ते आत्ताच सांगून झालेलं असतं. मग तेच जरा मोठ्या आवाजात पुन्हा सांगता.

हे एकदा झालं तर सोडून द्या. दोन-तीन मुलाखतींत झालं असेल, तर प्रसंग वाईट आहे असं लगेच धरून चालू नका. बहुतेक वेळा प्रसंग चांगला असतो, त्यातला ॲक्शनचा भाग पोकळ असतो. मी काही वर्षं मुलाखती घेणाऱ्या बाजूला बसते आहे आणि हा बिघाड इतक्यांदा पाहिला आहे की त्याची दुरुस्ती एकदा सविस्तर लिहून ठेवावी असं वाटलं.

टेबलाच्या पलीकडे काय चाललेलं असतं

जिथे मुलाखती ठरलेल्या रचनेने होतात, तिथे आमच्यासमोर एक कागद असतो. त्यावर त्या पदासाठी लागणारे गुण लिहिलेले असतात, जसं की अडचणीचं मूळ शोधणं, दुसऱ्या विभागाकडून काम करून घेणं, चूक लक्षात आल्यावर ती सुधारणं. प्रत्येक गुणासमोर 1 ते 5 असा आकडा द्यायचा असतो आणि त्या आकड्याला पुरावा म्हणून उमेदवाराने काय केलं ते लिहायचं असतं. “छान बोलली” हा पुरावा नाही. “182 बिलं स्वतः उघडून कारणं नोंदवली” हा पुरावा आहे.

तुम्ही कंपनी कशी आहे, विभाग कसा आहे, सॉफ्टवेअर कधी आलं हे सांगत असता तेव्हा माझं पेन हलत नाही. तुम्ही “समन्वय साधला” म्हणता तेव्हाही हलत नाही, कारण त्यापुढे काय लिहावं ते मला कळत नाही. रकाना रिकामा दिसतो म्हणून मी तो प्रश्न विचारते. त्यात संशय नसतो, बहुतेक वेळा तुम्हाला दिलेली दुसरी संधीच असते.

या रकान्यामागे जुना विचार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये ‘क्रिटिकल इन्सिडेंट’ नावाची पद्धत मांडली. माणूस कामात कसा आहे हे त्याच्याबद्दलच्या मतांवरून ठरवू नका, ठरावीक प्रसंगात त्याने प्रत्यक्ष काय केलं ते गोळा करा, असं तिचं थोडक्यात सांगणं. पुढे 1982 मध्ये टॉम जान्झ यांनी मुलाखतीतही उमेदवाराच्या मागच्या वागण्यावर बेतलेले प्रश्न विचारून पाहिले आणि नेहमीच्या मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीशी त्यांची तुलना केली. आज ज्यांना बिहेवियरल प्रश्न म्हणतात ते याच वळणाचे. सगळा भर प्रत्यक्ष केलेल्या गोष्टीवर आहे, आणि स्टारमध्ये ती गोष्ट राहते फक्त ॲक्शनमध्ये. बाकीचे तीन भाग तिला समजून घेण्यापुरते.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहा

फोनवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करा. वाचून दाखवू नका, बोला. मग ते ऐकत शब्दशः उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण पाच प्रसंगांपैकी एकाच प्रसंगाचं केलं तरी पुरतं, कारण सवय सगळीकडे तीच असते. उतरवलेल्या प्रत्येक वाक्यासमोर सि, टा, ॲ, रि यांपैकी एक अक्षर लिहा आणि मोजा.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं उत्तर इथे घेते. ती एका कंपनीत पुरवठादारांची बिलं पाहायची. तीन मुलाखतींत तिला हाच प्रश्न आला होता. तिच्या परवानगीने देते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचं मूळ उत्तर असं होतं:

“आमच्या कंपनीचे साधारण 140 पुरवठादार आहेत. मी अकाउंट्समध्ये त्यांची बिलं पाहते. बिल आलं की ते खरेदी ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी जुळवावं लागतं, तिन्ही जुळली तरच पैसे जातात. मागच्या वर्षी कंपनीने नवीन सॉफ्टवेअर घेतलं. त्याआधी सगळं एक्सेलमध्ये होतं, तेव्हा आम्ही डोळ्यांनी जुळवायचो. नवीन सॉफ्टवेअरमध्ये आकडा जुळला नाही की बिल अडकतं. त्यामुळे दर महिन्याला बरीच बिलं अडकायला लागली. पुरवठादारांचे फोन यायचे, खरेदी विभाग आमच्यावर चिडायचा, आम्ही स्टोअरवर ढकलायचो. वातावरण फार बिघडलं होतं. साहेबांनी सांगितलं की हे कमी करायचं. मग सगळ्या बिलांचं विश्लेषण केलं, मूळ कारण शोधलं, स्टोअरशी समन्वय साधला, त्यांना समजावून सांगितलं आणि प्रक्रियेत सुधारणा केली. त्यामुळे अडकणारी बिलं खूप कमी झाली आणि पुरवठादारही खूश झाले.”

बारा वाक्यं. पहिली नऊ सिच्युएशन, मग टास्क, ॲक्शन आणि रिझल्टला एकेक. कागदावर चारही भाग हजर आहेत, म्हणून तिला वाटत होतं की पद्धत पाळली. ज्या एका वाक्यासाठी मुलाखत घेतली जाते, ते मात्र आठ-दहा सेकंदांत संपतं.

तुमच्या मोजणीत ॲक्शनची वाक्यं निम्म्याहून कमी निघाली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. निम्म्याहून जास्त निघूनही तोच प्रश्न येत असेल, तर बिघाड वाक्यांच्या संख्येत नसून वाक्यांच्या आत आहे, आणि तोही पुढे येतोच.

असं का होतं

एक कारण स्टारच्या मांडणीतच आहे. चार अक्षरं, चार चौकटी, म्हणून वाटतं चौघांना सारखी जागा. त्यात सिच्युएशन सांगणं सर्वांत सोपं, कारण तिथे चुकण्याची भीती नाही आणि स्वतःबद्दल काही बोलावं लागत नाही. घाबरलेला माणूस सोप्या जागी रेंगाळतो.

दुसरं कारण आपल्या भाषेत आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. “विश्लेषण केलं, कारण शोधलं, समन्वय साधला” हे पुन्हा वाचा. कुणी केलं? मराठीत भूतकाळात असं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: यादी केली, फोन केला, काम केलं. कर्ता गाळला तरी वाक्य अडत नाही, कानालाही खटकत नाही. “मी करते” मध्ये निदान क्रियापदावरून तरी बोलणारी कळते, “केलं” मधून काहीच कळत नाही. रोजच्या बोलण्यात त्याने बिघडत नाही, कारण संदर्भ दोघांना माहीत असतो. मुलाखतीत तो समोरच्याला नसतो. शिवाय स्वतःच्या कामापुढे सारखं “मी” लावणं आपल्याला आढ्यतेचं वाटतं, म्हणून तो “मी” आपण हौसेनेच गाळतो. हेच उत्तर इंग्रजीत द्यायची वेळ आली की गाळलेल्या कर्त्याच्या जागी काहीतरी ठेवावंच लागतं, आणि तिथे बहुधा ‘आम्ही’ येऊन बसतो.

तिसरं कारण त्या नामांमध्ये आहे. विश्लेषण, समन्वय, सुधारणा, पाठपुरावा, पुढाकार. हे शब्द बायोडेटातून येतात. बायोडेटात जागा कमी असते म्हणून ते चालतात, पण ते कामाचं नाव सांगतात, काम दाखवत नाहीत. माझ्या लेखी अशा प्रत्येक शब्दाखाली एक बंद खोली असते आणि मुलाखतीत ती उघडून दाखवायची असते.

दुरुस्ती: बंद शब्द उघडणं

हे एकट्याने जमत नाही असं नाही, पण दुसरं कुणी प्रश्न विचारायला असेल तर फार लवकर होतं. त्या व्यक्तीला तुमचं काम माहीत नसेल तर उत्तमच. तिने फक्त “म्हणजे काय केलंस?” आणि “ते तूच का?” एवढंच विचारत राहायचं. त्या बिलं पाहणाऱ्या मुलीचं आणि माझं बोलणं साधारण असं झालं.

“विश्लेषण केलं म्हणजे काय केलंस?”

“म्हणजे बिलं बघितली, ताई.”

“किती?”

“तीन महिन्यांची. 182 होती.”

“बघितली म्हणजे?”

“सॉफ्टवेअरमधून अडकलेल्या बिलांची यादी निघते, पण का अडकलं ते त्यात नसतं. मग मी एकेक बिल उघडलं आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहीत गेले. चार संध्याकाळी गेल्या.”

“साहेबांनी सांगितलं होतं तसं करायला?”

“नाही. त्यांनी तर आयटीला मेल टाकायला सांगितला होता, की फरकाची मर्यादा वाढवून द्या, म्हणजे थोडाफार फरक असला तरी बिल पुढे जाईल.”

“मग टाकला नाहीस?”

“टाकणारच होते. पण आधी वाटलं बघू तरी फरक किती आहे. तर 182 पैकी 117 बिलांत फरक थोडाफार नव्हताच. ऑर्डरमध्ये 500 नग आणि स्टोअरच्या नोंदीत 10. बॉक्स 10, एका बॉक्सात 50 नग. माल बरोबर होता, एकक वेगळं होतं. मर्यादा कितीही वाढवून त्याचा काय उपयोग? उलट खरोखर चुकीची बिलंसुद्धा निघून गेली असती.”

इथे मी तिला थांबवलं. तीन मुलाखतींत तिने हे एकदाही सांगितलं नव्हतं. साहेबांनी सुचवलेला उपाय तपासून पाहणं, तो का चालणार नाही ते आकड्याने ओळखणं, या एका गोष्टीवर माझ्या कागदावरचा अर्धा रकाना भरला असता. तिला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण तिच्या मते ते फक्त “बघणं” होतं.

“बरं, स्टोअरशी समन्वय साधला म्हणजे?”

“स्टोअरच्या काकांना फोन केला की नोंद नगांमध्ये करा. ते म्हणाले, माझ्याकडे चलन येतं, चलनावर बॉक्स लिहिलेलं असतं, मी बॉक्स लिहितो, तुमचं काम मी कशाला करू?”

“मग?”

“राग आला. मग एक दिवस सकाळी जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले. तेव्हा कळलं की त्यांच्या स्क्रीनवर ऑर्डरचं एकक दिसतच नाही. त्यांना नग किती ते समजणार कुठून?”

पुढचंही असंच निघालं. सर्वांत जास्त अडकणाऱ्या 38 वस्तूंचा तक्ता तिने केला, एका बॉक्सात किती नग ते लिहिलं आणि काकांच्या टेबलाजवळ लावला. सगळीकडे एकदम सुरू न करता आधी 5 पुरवठादारांपुरतं दोन आठवडे करून पाहिलं, कारण त्या 117 पैकी 80 बिलं त्या पाचजणांचीच होती. दुसऱ्याच दिवशी 3 वस्तूंचे आकडे चुकीचे निघाले. पुरवठादाराने पॅकिंग बदललं होतं आणि तिने जुन्या कागदावरून आकडा घेतला होता.

तुम्ही एकटे करत असाल, तर प्रत्येक बंद शब्दाखाली चार गोष्टी लिहा: काय उघडलं किंवा पाहिलं, कुणाशी बोललात आणि त्या माणसाने काय उत्तर दिलं, काय ठरवलं, काय नाकारलं. चौथी सर्वांत महत्त्वाची. दुसरा रस्ता उपलब्ध असताना तो का सोडला, हे ज्याने काम केलं त्यालाच माहीत असतं. नुसता हजर असलेला माणूस तिथे अडखळतो.

जोडून झाल्यावर उत्तर कसं दिसतं

आता निवड करायची. निघालेलं सगळं सांगायला गेलात तर पाच मिनिटं लागतील. पहिलं उत्तर दोन मिनिटांच्या आसपास संपावं. सावकाश, समजेल असं बोललं तर तेवढ्यात साधारण 200 ते 250 शब्द बसतात. त्यात पहिली 20-25 सेकंदं सिच्युएशन आणि टास्क मिळून, शेवटची 20 सेकंदं रिझल्ट आणि मधला सगळा वेळ ॲक्शनला. ॲक्शनमध्ये तीन ते पाच गोष्टी, त्याहून जास्त नाही.

“मी पुरवठादारांची बिलं पाहते. नवीन सॉफ्टवेअर आल्यावर महिन्याला साठेक बिलं अडकायला लागली, कारण बिल, ऑर्डर आणि स्टोअरची नोंद जुळत नव्हती. हा आकडा कमी करायचं काम माझ्याकडे आलं.

फरकाची मर्यादा वाढवून घ्यावी, अशी वरिष्ठांची सूचना होती. ते करण्याआधी मी तीन महिन्यांची अडकलेली 182 बिलं एकेक उघडली आणि प्रत्येकाचं कारण नोंदवलं. 117 बिलांत माल बरोबर होता, फक्त ऑर्डर नगांत आणि स्टोअरची नोंद बॉक्समध्ये होती. मर्यादा वाढवून हे सुटलं नसतं आणि खरोखर चुकीची बिलंही पुढे गेली असती. मी ती यादी वरिष्ठांना दाखवली आणि त्यांनी तो विचार सोडला.

स्टोअरमध्ये मी फोन करून नोंद नगांत करायला सांगितली, तर त्यांनी नकार दिला. मग मी एक सकाळ तिथे जाऊन काम पाहिलं. त्यांच्या स्क्रीनवर ऑर्डरचं एकक दिसतच नव्हतं. म्हणून मी 38 वस्तूंचा तक्ता करून दिला, एका बॉक्सात किती नग याचा, आणि आधी पाच पुरवठादारांवर दोन आठवडे चालवून पाहिला. त्यात तीन आकडे माझ्या चुकीमुळे जुने गेले होते. ते दुसऱ्या दिवशी सापडले. तेव्हापासून पॅकिंग बदललं की खरेदी विभागाने मला कळवायचं, असं आम्ही ठरवून घेतलं.

सुरुवातीच्या महिन्यात 61 बिलं अडकली होती, तक्ता सगळीकडे लावल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात 23. त्यातली एककामुळे फक्त 4 होती, बाकीची दरातल्या फरकाची, ती अजून अडकतात.”

140 पुरवठादार, एक्सेलचे दिवस, बिघडलेलं वातावरण, हे सगळं गेलं आणि कुणाला त्याची उणीव भासत नाही. टास्कचं वाक्य छोटं आहे, पण त्यात “माझ्याकडे आलं” आहे. टास्कमध्ये विभागाचं ध्येय सांगायचं नसतं, त्यातलं तुमच्या वाट्याला काय आलं ते सांगायचं असतं. तिची चूकही उत्तरात राहिली आहे. ती काढून टाकू का असं तिने विचारलं होतं. मी नको म्हटलं. चूक कशी सापडली आणि पुढे काय बदललं हे दोन वाक्यांत असेल तर ती कृतीच असते.

एक गोष्ट पुन्हा रेकॉर्ड करताना तपासा. बोलताना “मी” पुन्हा गळतो. लिहिताना घातलेला असतो, तोंडाला सवय नसते. पहिल्या तीन-चार वेळा मुद्दाम दर वाक्यात “मी” म्हणा, मग हळूहळू जिथे गोंधळ होणार नाही तिथला काढा.

दुरुस्ती जास्त झाली तर

काही जण हे वाचून सगळीकडे “मी” लावतात, दुसऱ्यांनी केलेल्या कामालाही. हे लगेच पकडलं जातं. आम्ही खोलात विचारतो: तक्ता कशात केला, मोजमाप कुणाकडून घेतलं, पहिल्या दिवशी काय बिघडलं. स्वतः केलेल्याला ही उत्तरं शोधावी लागत नाहीत. साधा नियम असा की टीमने केलेल्याला “आम्ही”, तुम्ही केलेल्याला “मी”, आणि दुसऱ्याचा वाटा असेल तर त्याच्या पदाने तो सांगायचा: “सॉफ्टवेअरमधला बदल आयटीच्या सहकाऱ्याने केला, त्याला काय हवं ते मी लिहून दिलं.” अशा वाक्याने तुमचं काम लहान होत नाही, उलट त्याची हद्द स्पष्ट होते.

दुरुस्ती लागूच पडत नसेल तर

बंद शब्द उघडायला बसलात आणि आत काहीच निघालं नाही, असंही होतं. मोठा प्रकल्प होता, सगळीकडे नाव झालं, पण तुम्ही काय ठरवलंत असं विचारलं तर एकही निर्णय आठवत नाही. मग तो प्रसंग टाकून द्या. तुम्ही तिथे होतात, पण प्रसंग तुमचा नव्हता. त्यापेक्षा दोन आठवड्यांचं, कुणाच्या लक्षातही न आलेलं काम ज्यात तीन निर्णय तुमचे होते, ते मुलाखतीत कितीतरी जास्त चालतं. उमेदवार मोठेपणावर प्रसंग निवडतात आणि तिथेच फसतात.

दुसरी शक्यता अशी की तुम्ही प्रसंग सांगतच नाही, सवय सांगता. “अशा वेळी मी आधी सगळ्यांचं ऐकून घेते, मग मधला मार्ग काढते.” ऐकायला समंजस, पण यात कुठला दिवस नाही, कुठला माणूस नाही. याला कितीही “मी” लावला तरी रकाना रिकामाच राहतो. क्रियापद वर्तमानकाळात दिसलं की थांबा आणि “एकदा असं झालं” पासून पुन्हा सुरू करा.

आणि कधी प्रश्नच वेगळा असतो. “समजा दोन वरिष्ठांनी परस्परविरोधी कामं दिली तर तुम्ही काय कराल?” हा मागच्या वागण्याचा प्रश्न नाही, हा सिच्युएशनल प्रश्न. गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये मांडलेल्या मुलाखतपद्धतीतला. त्याला स्टारच्या चौकटीत कोंबू नका. आधी काय कराल ते थेट सांगा, आणि तसं खरंच केलेलं असेल तर एका वाक्यात जोडा.

रिझल्टबद्दल थोडं

आकडा नसेल तर बनवू नका. “40 टक्क्यांनी वाढ” असं काही ऐकलं की मी विचारते, कशाच्या 40 टक्के, कुणी मोजलं? तिथे बरेच जण घसरतात. टक्क्यापेक्षा आधीचा आणि नंतरचा आकडा बरा, “61 वरून 23” असं सांगितलं की पुढचा प्रश्नच येत नाही. मोजलंच नसेल तर काम झालं हे तुम्हाला कशावरून कळलं ते सांगा: तक्ता तुम्ही सुट्टीवर असतानाही वापरला गेला, दुसऱ्या स्टोअरने मागून घेतला, फोन यायचे थांबले. काय सुटलं नाही हे एका वाक्यात सांगितलं तरी चालतं. दरातल्या फरकाची बिलं अजून अडकतात, हे तिने स्वतःहून सांगितलं तेव्हा बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसणं सोपं झालं.

एकच प्रसंग, वेगळे प्रश्न

प्रसंग नीट उघडला की तो एकाहून जास्त प्रश्नांना पुरतो. “सहकार्य न करणाऱ्या माणसाबरोबर कसं काम केलंत?” असं विचारलं तर 182 बिलं एका वाक्यात उरकायची आणि स्टोअरमधल्या त्या सकाळी रेंगाळायचं: काका काय म्हणाले, तिला राग का आला, तिथे उभं राहिल्यावर काय दिसलं. “झालेली चूक सांगा” म्हटलं तर तीन चुकीचे आकडे मध्यभागी येतात. म्हणून उत्तर पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर वळत नाही आणि मध्ये थांबवलं की पहिल्यापासून म्हणावं लागतं. प्रसंगागणिक एका कार्डावर पाच-सहा शब्द पुरतात. तिच्या कार्डावर होतं: मर्यादा नको, 182/117, स्टोअरची सकाळ, 38, तीन चुका, 61 ते 23.

पुढच्या मुलाखतीत तिला मध्येच थांबवलंच. पण प्रश्न वेगळा होता: “तुमच्या वरिष्ठांना यादी दाखवलीत तेव्हा ते काय म्हणाले?” तिच्या कार्डावर हे नव्हतं. ती म्हणाली की आधी ते थोडे नाराज झाले, मग एक बिल स्वतः उघडून पाहिलं, आणि मग म्हणाले, स्टोअरला मी फोन करू का? तिने सांगितलं, नको, आधी मी जाऊन येते.